कारखाना सुटला आणि वजन वाढलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या पूर्व भागातल्या माझ्या दवाखान्यात एक जॉबर काका आले होते. वय 62, उंची 5 फूट 5 इंच. पस्तीसेक वर्षं टॉवेलच्या कारखान्यात लूम चालवणं, दुरुस्त करणं यात गेली. कारखाना सुटून 14 महिने झाले होते आणि तेवढ्यात वजन 68 वरून 76 किलोवर गेलं होतं. टेबलावर हात ठेवून म्हणाले, "काय ओ डॉक्टर, खातोय पहिल्यापेक्षा कमी, आणि काटा चढतोय. हे कसलं गणित?"

त्यांना दिलेलं उत्तर त्यांनी जुन्या सोबत्यांना सांगितलं. तेव्हापासून तेच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येत राहतात. कुणी एसटीतून निवृत्त, कुणी रेल्वेतून, कुणी शाळेतून. म्हणून आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काकांचं उदाहरण बऱ्याच उत्तरांत येईल. त्यांना विचारूनच ते दिलं आहे.

1. निवृत्तीनंतर वजन वाढतं ते वयामुळे ना? साठीनंतर शरीर मंदावतंच की.

मंदावतं, पण आपण समजतो तेवढं नाही. 2021 मध्ये 29 देशांतल्या सहा हजारांहून अधिक माणसांच्या ऊर्जाखर्चाची मोजणी प्रसिद्ध झाली. शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला, तर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळजवळ सारखाच राहतो, असं त्यात दिसलं. साठीनंतर तो वर्षाला साधारण 0.7 टक्क्याने उतरतो. म्हणजे 62 व्या वर्षी वयाच्या खात्यावर एक-दीड टक्का टाकता येईल. दिवसाला 25-30 कॅलरी, चहातल्या दीड चमचा साखरेइतक्या. 14 महिन्यांत 8 किलो त्यातून चढत नाहीत.

तोच माणूस, तेच वय, पण कारखान्यात टिकून राहिलेले त्यांचे सोबती अजून सडसडीत आहेत. फरक कॅलेंडरात नाही, दिवसाच्या आठ तासांत आहे.

2. मी खरंच पूर्वीपेक्षा कमी खातो. घरचे साक्षीदार आहेत. तरी वजन का वाढतं?

काका खोटं बोलत नव्हते, आणि तुम्हीही बोलत नसाल. त्यांच्या बायकोसमोर बसून आम्ही जुना आणि नवा दिवस कागदावर मांडला.

आधी कामाची बाजू पाहू. माणूस खुर्चीत बसून टीव्ही बघतो तेव्हा शरीर किलोमागे तासाला सुमारे सव्वा ते दीड कॅलरी खर्च करतं. लूमच्या दोन रांगांमधून फिरताना, कांडी बदलताना, तुटलेला धागा जोडायला वाकताना, अडकलेला धोटा काढताना हाच खर्च अडीच-तीनपर्यंत जातो. यात घाम काढणारं असं काही नाही, नुसतं उभं राहणं आणि चालणं. फरक सव्वा कॅलरीचाच धरू. 68 किलोच्या माणसाला तासाला 85 होतात. जेवण आणि चहाची सुट्टी सोडून सात तास धरले, तर दिवसाला 600 च्या आसपास. जाता-येता सायकल होती, ती मी धरलेलीच नाही.

आता ताटाची बाजू. कारखाना सुटल्यावर काकांच्या दिवसातल्या तीन भाकरी आणि रात्रीचा मूठभर भात कमी झाला होता. मध्यम भाकरीला 60 ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे 200 कॅलरी. सगळं मिळून 700 कमी झाल्या. एवढ्यावर थांबलं असतं तर वजन उतरलं असतं. पण दोन चहा वाढले, अकराचा आणि चारचा, दोन-दोन चमचे साखरेचे. एकाच्या 70 प्रमाणे 140. संध्याकाळी नातवंडांसोबत मूठभर फरसाण, साधारण 30 ग्रॅम, त्याच्या 160. म्हणजे 700 गेल्या आणि 300 परत आल्या. निव्वळ कपात 400.

काम 600 नं घटलं, खाणं 400 नं. रोज 200 शिल्लक. जेवण कमी झालं हेही खरं, आणि उरलं हेही खरं.

पडताळून पाहायचं असेल तर उलट बाजूने करा. एक किलो चरबीत ढोबळमानाने 7,700 कॅलरी असतात. 8 किलोंच्या 61,600. त्याला 14 महिन्यांच्या 425 दिवसांनी भागलं की रोजचे 145 येतात. सुरुवातीला 200 आणि सरासरी 145, कारण वजन वाढेल तसा शरीर वागवण्याचा खर्चही वाढतो आणि शिल्लक आपोआप कमी होत जाते. म्हणूनच बहुतेकांचं वजन पहिल्या वर्षात झपाट्याने चढतं आणि पुढे रेंगाळतं.

145 म्हणजे पाऊण भाकरी. एवढा फरक घरात कुणाच्या नजरेला येत नाही, सुगरणीच्याही नाही.

3. काम कमी झालं तर भूकही तेवढीच कमी व्हायला नको का?

व्हायला हवी, पण एका मर्यादेखाली ती तशी होत नाही. याचा फार जुना पुरावा आपल्याकडचाच आहे, आणि तोही गिरणीतला. 1956 मध्ये जाँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या एका ताग गिरणीतल्या माणसांचं खाणं, वजन आणि कामाचं स्वरूप तपासलं. हलक्या कामापासून ओझी वाहणाऱ्यांपर्यंत जसजसं काम जड, तसतसं खाणं जास्त, आणि वजन मात्र जवळपास सारखं. इथपर्यंत भुकेचा तराजू बरोबर चालत होता. पण बसून काम करणारे आणि दुकानात बसणारे यांचं खाणं सगळ्यात कमी असायला हवं होतं, ते निघालं ओझी वाहणाऱ्यांच्या तोडीचं. वजनही त्यांचंच जास्त.

शरीर हालतं आहे तोवर भूक खर्चाच्या मागे चालते. बसून राहिलं की तिचा धागा सुटतो, आणि मग घड्याळ, टीव्ही, पाहुणे आणि "आता चहा टाकू का?" हे ठरवतात की आपण किती खायचं. तुमची जीभ सैल झाली असं समजू नका.

4. रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाला अर्धा तास फेरी मारतो. तरी काटा हलत नाही. चालणं व्यर्थ आहे का?

व्यर्थ मुळीच नाही. रक्तदाब, साखर, झोप, गुडघे, सगळ्यांना त्याचा फायदा होतो. फक्त वजनाचं सगळं ओझं त्या अर्ध्या तासावर टाकू नका. 76 किलोचा माणूस अर्धा तास बऱ्यापैकी वेगाने चालला, तर बसून राहण्यापेक्षा 85-90 कॅलरी जास्त जातात. कारखान्याने त्याच्याकडून 600 घेतल्या होत्या. शिवाय फेरी संपल्यावर गाड्यावर एक चहा आणि दोन खारी झाली की हिशेब उलटा पडतो.

आणखी एक गोष्ट मी पाहतो. सकाळी फिरून आलेला माणूस "आज माझं झालं" म्हणून दिवसभर गादीवरून उठत नाही. अर्धा तास चालणं आणि साडेतेरा तास बसणं, अशी ती वाटणी असते. काय करायचं ते पुढच्या प्रश्नात आहे.

5. मग दिवस नेमका कसा लावायचा?

काकांना मी व्यायामाचा तक्ता दिला नाही. त्यांना पाळी समजते, म्हणून पाळीच लावली. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, दर तासाला एकदा उठायचं आणि दहा मिनिटं पायांवर राहायचं. गच्चीवर, गल्लीत, घरातल्या घरात, कुठेही. दुपारच्या झोपेचा तास सोडून आठ वेळा होतं. मिळून 80 मिनिटं, आणि रमतगमत चाललं तरी साधारण 150 कॅलरी जास्त जातात. रोजची शिल्लक तेवढीच होती, आठवतं ना.

त्यांनी त्यात स्वतःची अक्कल घातली. भाजी एकदम आणणं बंद केलं. सकाळी कोथिंबीर, दुपारी लिंबू, संध्याकाळी नातवाला आणायला. बायको पहिल्या आठवड्यात वैतागली, नंतर तिनेच यादी द्यायला सुरुवात केली.

खाण्यात फक्त दोन बदल केले. चहाला दोनाऐवजी अर्धा चमचा साखर, आणि चारचा चहा राहिला पण फरसाणाचा डबा वरच्या फळीवर गेला. त्याऐवजी ताक किंवा पेरू. भाकरी एकही कमी केली नाही. पोटभर जेवणाऱ्या माणसाची भाकरी काढली की तो दुपारी चार वाजता फरसाणाच्या डब्याकडेच जातो.

उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा दुपारच्या फेऱ्या घरातच घालायच्या. बाहेरचं चालणं सातच्या आत. उन्हात चालून घाम गाळल्याने जे वजन उतरतं ते पाणी असतं, दोन तांबे प्यायलं की परत येतं.

पाच महिन्यांनी काका 72.5 किलोवर होते. 68 व्हावं असा मी आग्रह धरला नाही. या वयात सहा महिन्यांत पाच-सात टक्के उतरलं तरी साखर आणि दाब यांत फरक दिसतो. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वेगाने उतरवू नये, कारण त्यात स्नायू जातो. त्याबद्दल प्रश्न 8 पाहा.

6. चपाती बंद करून फक्त ज्वारीची भाकरी खाल्ली तर उतरेल का?

पीठ तोललं तर गहू आणि ज्वारी यांच्या कॅलरीत नाव घेण्याजोगा फरक नाही. भाकरीच्या बाजूने दोन गोष्टी आहेत: तिला तेल लागत नाही आणि ती चावावी लागते, म्हणून माणूस हळू जेवतो. मालदांडीची पातळ भाकरी असेल तर मी कुणालाही ओट्स खायला सांगत नाही.

पण सोलापुरात भाकरी एकटी येत नाही, शेंगाचटणी येते. शेंगदाणे 100 ग्रॅमला 560 कॅलरींच्या पुढे असतात. भरलेला एक मोठा चमचा चटणी, 15 ग्रॅम, म्हणजे 80. वर कच्चं तेल चमचाभर घेतलं की आणखी 45. एका चमच्याचं काही नाही. काकांच्या घरी चटणीची बरणीच ताटाजवळ ठेवायची पद्धत होती, आणि कडक भाकरीचा चुरा करून त्यावर चटणी-तेल हा त्यांचा सकाळचा नाश्ता. बरणी स्वयंपाकघरात गेली, ताटात एक चमचा वाढून येऊ लागला. चटणी सोडा म्हटलं असतं तर ते पुन्हा दवाखान्यात आले नसते, आणि त्यांचं काही चुकलं नसतं.

7. मी एकादशी आणि सोमवार धरतो. महिन्यात सहा उपवास होतात. तरी वजन वाढतं, हे कसं?

उपवासाला काय खाता ते पाहा. साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च आहे. 100 ग्रॅम कोरडा साबुदाणा, मूठभर दाण्याचा कूट आणि दोन चमचे तूप घालून केलेली बशीभर खिचडी 580 कॅलरींच्या आसपास जाते, म्हणजे जवळजवळ तीन भाकरी. रात्री भगर-आमटी वेगळी. असा उपवास देवाला पोचत असेल, काट्याला पोचत नाही. ताक, फळं, राजगिऱ्याची भाकरी आणि बेताची भगर यांवर उपवास केलात तर गोष्ट वेगळी. साखरेच्या गोळ्या घेत असाल तर आधी प्रश्न 12 वाचा.

8. वजन फारसं वाढलं नाही, पण पँट कंबरेला बसत नाही. असं होतं का?

होतं, आणि ते जास्त काळजीचं आहे. काम सुटल्यावर मांड्या, खांदे, पाठ यांचा स्नायू झिजतो आणि पोटात चरबी साठते. काट्याला दोन्ही सारखेच, म्हणून तो गप्प राहतो.

यासाठी टेप वापरा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट न ओढता मोजा. बेंबीच्या खाली बांधलेल्या पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. पोट वाढलं की पँट खाली सरकते आणि नंबर तोच राहतो. आपल्याकडच्या पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर ही मर्यादा धरतात, इंचात साडेपस्तीस. काकांचं माप 98 होतं, पँट 36 ची.

स्नायू किती उरला आहे याची घरगुती तपासणी सोपी आहे. भिंतीला टेकवलेली पक्की खुर्ची घ्या, हात छातीवर घडी करून बसा, आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता ते मोजा. 60 ते 64 वयाच्या पुरुषाला 14 च्या खाली आले तर पाय अशक्त आहेत असं समजतात. काका नऊवर थांबले आणि स्वतःच चकित झाले. आयुष्यभर उभं राहून काम केलेला माणूस! मग हीच तपासणी त्यांचा व्यायाम झाली: आठ-दहा वेळा, असे दोन-तीन फेर, एक दिवसाआड. पाच महिन्यांनी 14 झाले, कंबर 92.

स्नायूला खाणंही लागतं. या वयात किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं हवीत, काकांसाठी 70 ग्रॅमच्या आसपास. पाच भाकऱ्यांतून 25-30 मिळतात. बाकी दोन्ही वेळेला वाटीभर घट्ट डाळ किंवा मटकी-हुलग्याची उसळ, दही-ताक, चालत असेल तर दोन अंडी, यांतून भरून काढावी लागतात. पातळ आमटीच्या पाण्यात फारसं काही नसतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रथिनं स्वतःच्या मनाने वाढवू नका, डॉक्टरांना विचारून ठरवा.

9. काटा सकाळी एक दाखवतो, संध्याकाळी दुसरंच. खरं कोणतं?

दोन्ही खरी. दिवसभरात एक-दीड किलोचा फरक पाणी, मीठ आणि पोटातल्या अन्नाचा असतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी संडासला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर बघा. चार आठवड्यांचे आकडे एका ओळीत लिहा आणि मगच मत बनवा.

10. हे थायरॉइडमुळे तर नाही ना? शेजाऱ्यांना तेच निघालं.

टीएसएच तपासून घ्या, एका नळीत काम होतं. काकांचं बरोबर निघालं. थायरॉइड कमी असलं तरी त्यामुळे वाढणारं वजन बहुतेकांत दोन-चार किलोंचं असतं, आणि त्यातही बराच भाग साठलेल्या पाण्या-मिठाचा. सोबत थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठता, आवाज जाड होणं, सुस्ती अशी लक्षणं असतात. गोळी सुरू केल्यावर 8-10 किलो उतरतील अशी अपेक्षा धरली तर पदरी निराशा येते.

टीएसएचसोबत मी तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीए1सी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब पाहतो. काकांचं एचबीए1सी 6.1 आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर (5.7 ते 6.4). वजनापेक्षा मला याच आकड्याने जास्त सावध केलं.

11. चरबी नसून अंगात पाणी साठतंय, हे घरी कसं ओळखायचं?

वेगावरून. चरबी महिन्यांत चढते, पाणी दिवसांत. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते जेवणाचं वजन नव्हे.

नडगीच्या हाडावर अंगठ्याने दहा सेकंद दाबा. बोट काढल्यावर खळगा तसाच राहिला तर सूज आहे. त्यासोबत चालताना धाप लागणं, रात्री आडवं झोपता न येणं, उशा वाढवाव्या लागणं असं काही असेल तर हृदयाची तपासणी त्याच दिवशी करा. सकाळी चेहरा आणि डोळ्यांखाली सूज असेल तर मूत्रपिंडाची. आणि पोट फुगतंय पण हातपाय काडीसारखे होत चाललेत, असं दिसलं तर यकृत बघावं लागतं, विशेषतः दारूची सवय असेल तर. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिन या गोळीनेही घोट्याला सूज येते. ती वेगळी गोष्ट, पण ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

12. चालू औषधांमुळे वजन वाढतं का? मधुमेहाच्या गोळ्या घेत असताना खाणं कमी केलं तर चालेल?

काही औषधांनी वाढतं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या, इन्सुलिन, पायोग्लिटाझोन (याने सूजही येते), मुंग्या-जळजळीसाठी दिलं जाणारं प्रीगाबालिन, फिट्सचं व्हॅल्प्रोएट. मेटफॉर्मिनने वाढत नाही. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, दुसरा पर्याय आहे का ते विचारा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असताना एकदम खाणं घटवलं, उपवास केला किंवा चालणं वाढवलं, तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते: दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणं. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या. म्हणून बदल करायच्या *आधी* डॉक्टरांना भेटून डोस कमी करून घ्यावा.

13. गुडघ्यासाठी एका ठिकाणाहून पुड्या घेतो. दुखणं जादूसारखं थांबलं, पण चेहरा गोल झालाय. संबंध आहे का?

असू शकतो, आणि दाट असू शकतो. नाव नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडणं ही नवी गोष्ट नाही. चेहरा चंद्रासारखा गोल, मानेमागे चरबीचा उंचवटा, पोट मोठं आणि हातपाय बारीक, जरा आपटलं की निळं-काळं पडणं, साखर अचानक वाढणं, ही त्याची खूण. यात मोठा धोका असा की महिनोन्‌महिने घेतलेल्या पुड्या एकदम बंद केल्या तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होत नसतं. उलट्या, रक्तदाब कोसळणं, जिवावर बेतणं असं होऊ शकतं. उरलेल्या पुड्या घेऊन डॉक्टरांकडे जा. लपवू नका, कुणी रागावलं तरी चालेल.

14. गुडघे दुखतात, दर तासाला चालणं जमत नाही. मग?

खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा आकडे धरा, खाली ठेवा. दोन्ही पायांना आळीपाळीने. सपाट रस्त्यावर सायकल चालते, जिने टाळा. प्रश्न 8 मधली खुर्ची उंच घ्या, किंवा बसायच्या जागेवर दोन उशा ठेवा म्हणजे कमी वाकावं लागतं. वजन एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, त्यामुळे तीन किलोंतही फरक जाणवतो.

15. कारखाना सुटला तेव्हाच तंबाखूही सोडली. वजन त्यामुळे वाढलं का?

काही भाग त्यामुळे असू शकतो. निकोटिन भूक दाबतं आणि खर्च थोडा वाढवतं. सिगारेट सोडणाऱ्यांचं वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतं. चघळायच्या तंबाखूतही निकोटिनच आहे. तोंडाला चाळा म्हणून फरसाण, बडीशेप-साखर येते, तीही मोजा. पण वजनासाठी तंबाखू परत धरायचा विचार मनात आणू नका. चार किलो उतरवता येतात, जबड्याचा कॅन्सर उतरवता येत नाही.

16. माझं उलट आहे. निवृत्तीनंतर काही न करता वजन कमी होतंय. चांगलंच ना?

नाही. न ठरवता सहा महिने ते वर्षात पाच टक्के वजन गेलं, म्हणजे 70 किलोच्या माणसाचे साडेतीन, तर तपासणी हवी. अनियंत्रित मधुमेह, क्षयरोग, कॅन्सर, थायरॉइड वाढलेलं असणं, आणि नैराश्यही. काम सुटल्यावर जेवणावरून वासना उडाली, झोप तीनला उघडते, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, हे सगळं डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे.

17. मुलगा पुण्याहून म्हणतोय, आठवड्याचं इंजेक्शन घ्या. घ्यावं का?

सेमाग्लुटाइड किंवा टिरझेपाटाइड म्हणतोय तो. औषधं परिणामकारक आहेत, मधुमेहासोबत लठ्ठपणा असेल तर मीही विचार करतो. पण साठीपुढच्या माणसाचं उतरणारं वजन नुसत्या चरबीचं नसतं, स्नायूही जातो, आणि इंजेक्शन थांबवलं की वजन बहुतेकांचं परत चढतं. पाऊण भाकरीच्या शिल्लकीसाठी एवढी तोफ लागत नाही. या औषधांनी भूकच कमी होते म्हणून खाणं घटतं, काहींना मळमळ, उलट्याही होतात, आणि आधीच कमी असलेली प्रथिनं आणखी कमी होतात. ऑनलाइन मागवून तर नकोच.

18. "हे घरी बसल्यापासून माझंपण वजन वाढलं, त्याचं काय?"

हा प्रश्न काकांच्या बायकोने विचारला, जाता जाता, चप्पल घालताना. काका रिपोर्टची पिशवी घेऊन बाहेर गेले होते. त्यांना परत बोलवून मी दोघांनाही बसवलं.

तिचं घरकाम काही सुटलं नव्हतं, वाढलंच होतं. पण काका कारखान्यात असताना ती सकाळी आणि संध्याकाळी, दोनच चहा घ्यायची. आता त्यांच्या प्रत्येक चहाबरोबर अर्धा कप तिचाही, आणि मुलांनी-नातवंडांनी टाकलेलं "वाया कशाला घालवायचं" म्हणून तिच्याच ताटात. शिवाय पूर्वी ती दुपारी शेजारी विड्या वळायला जायची. काका घरात, त्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून तेही बंद झालं. बायकांसाठी कंबरेची मर्यादा 80 सेंटिमीटर आहे. तिची 91 भरली. थायरॉइड बायकांत जास्त सापडतं म्हणून टीएसएच सांगितलं, आणि काकांना सांगितलं की चारचा चहा आता तुम्ही करायचा, दोघांना अर्धा-अर्धा कप, आणि कप तुम्हीच विसळायचे. दर तासाच्या आठ फेऱ्यांतली एक त्यात भरते.

"येतो का ओ यांना चहा?" ती म्हणाली.

काका म्हणाले, लूम लावता येते तर चहा काय.